पोटरीतले दुखणे आणि लघवीतले जंतू: अंतर्विष व बहिर्विष यांचा एक प्रकरण अभ्यास

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम, औषधांचे डोस आणि निर्णयांच्या वेळा येथे महत्त्वाच्या आहेत, म्हणून त्या सविस्तर दिल्या आहेत. वेळ रुग्ण तातडीच्या विभागात आल्यापासून मोजली आहे.

पार्श्वभूमी

५८ वर्षांची, ७० किलो वजनाची स्त्री. बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. तीन दिवसांपूर्वी डाव्या पोटरीवर पलंगाची कड जोरात लागली होती. कातडी फुटली नव्हती, रक्त आले नव्हते. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले, थंडी वाजली, दोनदा उलटी आणि तीनदा जुलाब झाले. पाय ठणकत होता म्हणून तिने दीड दिवस आयबुप्रोफेन घेतले. तिसऱ्या दिवशी उभे राहताना चक्कर आली आणि घरच्यांनी तिला रुग्णालयात आणले.

आल्यावर ताप ३९.१ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला १२८, श्वास २८, रक्तदाब ८२/४६. लघवीच्या पट्टीवर पांढऱ्या पेशी आणि नायट्राइट दोन्ही ठळक. ऊतींना रक्त अपुरे पडत असल्याची खूण असलेले रक्तातले लॅक्टेट ४.८ मिलिमोल प्रति लिटर, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.४ मिलिग्रॅम. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या ९,४०० म्हणजे नेहमीसारखीच, पण त्यांतल्या ३२ टक्के अपक्व होत्या. प्लेटलेट ९२,००० आणि अल्ब्युमिन २.४ ग्रॅम.

मधुमेही स्त्री, थंडी-ताप, लघवीत जंतू, रक्तदाब खाली. मूत्रमार्गातला संसर्ग रक्तात पसरला, हे निदान पहिल्या वीस मिनिटांत कागदावर उतरले. जंतू वाढवून ओळखण्यासाठी रक्ताची दोन कल्चर घेऊन सेफट्रायाक्झोन हे प्रतिजैविक २ ग्रॅम शिरेतून दिले. किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने २,१०० मिलिलिटर सलाईन सुरू झाले. एवढ्यापर्यंत काहीच चुकले नव्हते. शॉकमधल्या रुग्णाला पहिल्या तासात जे मिळायला हवे, ते तिला मिळाले.

प्रश्न कुठे उभा राहिला

तीन तासांनी चित्र उलटे होते. सलाईन संपले होते, तरी रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लागत होते आणि त्याची मात्रा मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅमवरून ०.३ वर गेली होती. लॅक्टेट उतरण्याऐवजी ५.६ झाले. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे साफ होती. सूज नाही, खडा नाही, मूत्रनलिका तुंबलेली नाही. लघवी करताना जळजळ होत होती का, असे पुन्हा विचारल्यावर तिने नाही म्हटले. पाठीवर, मूत्रपिंडाच्या जागी ठोकून पाहणाऱ्या डॉक्टरांना ती म्हणाली, “पाठ नाही हो, आधी माझा पाय बघा.”

पाय तोवर कुणी नीट पाहिलाच नव्हता. चादर बाजूला केली तेव्हा दिसण्यासारखे फारसे काही नव्हते. पोटरी किंचित सुजलेली आणि सुमारे सहा सेंटिमीटरचा फिकट लालसर डाग. पण बोट टेकवताच ती किंचाळली. लाली संपते तिथून चार बोटे पुढेही तेवढेच दुखत होते. वरून इतके कमी दिसावे आणि आत इतके दुखावे, ही विसंगती खोल ऊतींमधल्या संसर्गाची फार जुनी आणि भरवशाची खूण आहे. स्नायूपेशी फुटल्या की रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज त्याच वेळी तपासायला पाठवले, ते १,८५० आले. म्हणजे स्नायू मरत होते.

ग्रॅम रंजन या चाचणीत घेतलेल्या रंगावरून जिवाणूंचे ग्रॅम-ऋण आणि ग्रॅम-धन असे दोन गट पडतात. आता दोन्ही गटांतले दोन उमेदवार समोर होते. पहिला, लघवीतला ग्रॅम-ऋण जिवाणू आणि त्याच्या अंतर्विषाने आलेला शॉक. दुसरा, पोटरीतला ग्रॅम-धन जिवाणू, बहुधा अ गटाचा स्ट्रेप्टोकोकस, आणि त्याच्या बहिर्विषांनी आलेला शॉक. खाटेशेजारच्या मॉनिटरवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. उपचार मात्र एका नेमक्या ठिकाणी वेगळे होतात, आणि ते ठिकाण समजायला दोन्ही विषांची घडण पाहावी लागते.

दोन विषे, दोन रीती

अंतर्विष म्हणजे एंडोटॉक्सिन. नावावरून ते जिवाणूच्या पोटात साठवलेले असावे असे वाटते. १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंवर काम करताना रिचर्ड फायफरला मेलेले जंतूही प्राण्याला मारतात असे आढळले, तेव्हा त्यानेही तसेच मानले होते. प्रत्यक्षात ते ग्रॅम-ऋण जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाचाच भाग आहे, लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू. ई. कोलाय या ग्रॅम-ऋण जिवाणूच्या एका पेशीच्या अंगावर असे दहा लाखांहून अधिक रेणू असतात. त्यातला विषारी भाग म्हणजे आवरणात रुतलेले स्निग्ध टोक, ज्याला लिपिड ए म्हणतात. जिवाणू वाढताना थोडे आणि फुटताना पुष्कळ अंतर्विष सुटते.

हे टोक स्वतः कोणतीच पेशी फोडत नाही, कोणतेही प्रथिन कापत नाही. रक्तातले एक प्रथिन त्याला उचलून मॅक्रोफेज या भक्षक पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी१४ या प्रथिनाकडे देते आणि तिथून ते टीएलआर४ या ग्राहीवर बसते. ही ग्राही म्हणजे शरीराची धोक्याची घंटा. ती वाजली की टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही साइटोकाइन, म्हणजे दाह पेटवणारी निरोप्या प्रथिने, बाहेर पडतात. ताप चढतो, नायट्रिक ऑक्साइडने रक्तवाहिन्या सैलावतात, केशवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि गोठण्याची साखळी जागोजागी पेटते. नुकसान होते ते शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादातून. निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगासाठी किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम अंतर्विष शिरेतून दिले, तरी तासा-दीड तासात थंडी-ताप येतो. आणि सहा-आठ तासांत तो ओसरतोही. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे: पुरवठा थांबला की घंटाही थांबते.

बहिर्विष म्हणजे एक्सोटॉक्सिन. हे जिवंत जिवाणूने रायबोसोम या प्रथिने जोडणाऱ्या यंत्रावर तयार करून बाहेर सोडलेले प्रथिन असते आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. घटसर्पाचे विष पेशीत शिरून प्रथिन तयार करण्याचे यंत्रच बंद पाडते, आणि त्याचा एक रेणू पेशी मारायला पुरतो. धनुर्वाताचे विष चेतासंस्थेतला लगाम सोडवते. स्ट्रेप्टोकोकसकडे तर पिशवीभर हत्यारे आहेत. त्यातली दोन या प्रकरणात कळीची आहेत.

एक, स्ट्रेप्टोलायसिन ओ. ते पेशीच्या आवरणात गोल छिद्र पाडते. स्नायूपेशी, पांढऱ्या पेशी, रक्तवाहिनीचे अस्तर, काहीच सुटत नाही. वाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्त पोचत नाही आणि ऊती मरतात. मेलेल्या ऊतीत प्रतिजैविकही पोचत नाही.

दोन, सुपरअँटिजेन. एरवी एखाद्या प्रतिजनाला, म्हणजे परक्या रेणूला, ओळखणारी टी-पेशी दहा हजारांत एखादीच असते. सुपरअँटिजेन हा सगळा शिष्टाचार बाजूला ठेवून मॅक्रोफेज आणि टी-पेशी यांना बाहेरूनच एकमेकींना जखडते. त्यामुळे एकाच वेळी पाचांत एक टी-पेशी चेतवली जाऊ शकते. परिणाम तोच, साइटोकाइनचा पूर. म्हणून मॉनिटरवर दोन्ही शॉक सारखे दिसतात: वाटा वेगळ्या, पण वादळ एकच.

येथे एक समज दुरुस्त करायला हवा. ‘ग्रॅम-ऋण म्हणजे अंतर्विष, ग्रॅम-धन म्हणजे बहिर्विष’ हे समीकरण अर्धेच खरे आहे. अंतर्विष ग्रॅम-ऋण जिवाणूंचेच, हे बरोबर. पण बहिर्विष दोघांकडेही असते. पटकी, डांग्या खोकला आणि शिगा विष सोडणारा ई. कोलाय हे ग्रॅम-ऋण असूनही त्यांचा मुख्य घाव बहिर्विषाचाच असतो.

उपचार कुठे फुटतात

अंतर्विष जिवाणूच्या अंगाचा भाग असल्याने जिवाणू मारून काढून टाकणे हाच उपचार. मारताना थोडे अंतर्विष एकदम सुटते, हे प्रयोगशाळेत दिसते, आणि कोणत्या प्रतिजैविकाने जास्त सुटते यावर पुष्कळ काम झाले आहे. त्याचा रुग्णाच्या जगण्यावर परिणाम होतो असे सिद्ध झालेले नाही. त्या भीतीने प्रतिजैविक लांबवणे ही घातक चूक ठरते. अंतर्विषालाच अडवण्याचे प्रयत्नही मोठ्या चाचण्यांत फसले. टीएलआर४ अडवणारे एरिटोरान औषध मृत्युदर कमी करू शकले नाही, पॉलिमिक्सिनच्या गाळणीतून रक्त फिरवण्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही नाही. घंटा वाजून गेल्यावर घंटेची दोरी कापून उपयोग होत नाही.

बहिर्विषाच्या बाबतीत जिवाणू मारणे पुरेसे नसते. कारखाना बंद पाडावा लागतो, कारखान्याची जागा कापून काढावी लागते आणि बाहेर पडलेला माल निकामी करावा लागतो. सेफट्रायाक्झोन किंवा पेनिसिलिन पेशीभित्तिका बांधण्याच्या कामात अडथळा आणतात. म्हणजे ते वाढत्या जिवाणूवर काम करतात. पोटरीत जंतूंची गर्दी झाली की त्यांची वाढ मंदावते आणि भित्तिका बांधणारी प्रथिनेही कमी होतात. मग औषधाला पकडायला काही उरत नाही, पण विष तयार करणे चालूच राहते. हा परिणाम हॅरी ईगलने १९५२ मध्ये उंदरांवर दाखवला. पुढे १९८८ मध्ये उंदरांच्या स्नायूतल्या स्ट्रेप्टोकोकसवर झालेल्या प्रयोगात दोन तास उशिरा दिलेले पेनिसिलिन निरुपयोगी ठरले, तर क्लिंडामायसिन सोळा तासांनी देऊनही बहुतेक उंदीर वाचले.

क्लिंडामायसिन रायबोसोमवर बसते. जिवाणू वाढत असो वा नसो, त्याला प्रथिन करता येत नाही, आणि बहिर्विष हे प्रथिनच आहे. अंतर्विष प्रथिन नाही. म्हणून ई. कोलायच्या शॉकमध्ये क्लिंडामायसिनने काहीच साधत नाही, तर स्ट्रेप्टोकोकसच्या शॉकमध्ये तेच निर्णायक ठरू शकते. आपल्या रुग्णाला पहिल्या तासात मिळालेले सेफट्रायाक्झोन प्रयोगशाळेतल्या ताटलीवर या स्ट्रेप्टोकोकसला व्यवस्थित मारते. तरीही ती बिघडत गेली.

समोरचे पर्याय

साडेतीन तासांच्या सुमारास अतिदक्षता विभागाचे डॉक्टर, शल्यचिकित्सक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, मूत्रमार्गाचेच निदान धरून प्रतिजैविक अधिक व्यापक करायचे आणि सहा तास वाट पाहायची. तिच्या बाजूने लघवीचा अहवाल होता. विरोधात बरेच काही होते. तुंबलेल्या मूत्रमार्गाशिवाय इतका हट्टी शॉक विरळा. मधुमेही आणि उतारवयातल्या स्त्रियांच्या लघवीत लक्षणांशिवायही जिवाणू सापडतात. क्रिएटिनिनही बोलके होते. घरच्या माणसांच्या सांगण्यानुसार चक्कर आली त्या सकाळपर्यंत ती चालती-फिरती होती. म्हणजे रक्तदाब पडून फार वेळ झाला नव्हता, तरी क्रिएटिनिन आधीच २.४ होते. स्ट्रेप्टोकोकसच्या विषारी शॉकमध्ये मूत्रपिंडाचा बिघाड अनेकदा रक्तदाब पडण्याच्या आधी दिसू लागतो.

दुसरी वाट, पोटरीचा एमआरआय करून खात्री पटवायची. ऐकायला समंजस वाटते. पण एमआरआयसाठी अशा अस्थिर रुग्णाला हलवून परत आणेपर्यंत किमान दीड-दोन तास जातात. शिवाय एमआरआय सूज आणि नाश यांत नीट फरक दाखवत नाही. साध्या एक्स-रेत हवा दिसली नाही याचाही अर्थ शून्य होता, कारण स्ट्रेप्टोकोकस वायू तयार करत नाही.

तिसरी, क्लिंडामायसिन लगेच सुरू करून पोटरी उघडून पाहायची. यातला धोका सरळ होता: निदान चुकले तर शॉकमधल्या रुग्णाच्या पायावर एक अनावश्यक छेद. शल्यचिकित्सकांनी सुरुवातीला याच कारणाने सहा तास थांबण्याकडे कल दाखवला. मत बदलले ते पुन्हा पाय पाहिल्यावर. पेनाने आखलेल्या रेषेच्या पुढे लाली चाळीस मिनिटांत दोन सेंटिमीटर सरकली होती, आणि मधोमध एक निळसर डाग उमटला होता. ही पेनाची रेषा या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी ठरली.

काय केले

साडेचार तासांनी क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम शिरेतून दिले आणि दर आठ तासांनी चालू ठेवले. सेफट्रायाक्झोनच्या जागी मेरोपेनेम १ ग्रॅम आणि व्हॅन्कोमायसिन किलोमागे २५ मिलिग्रॅम, म्हणजे १,७५० मिलिग्रॅमचा पहिला डोस. कल्चर हाती नसताना खोल ऊतींच्या नाशाला मिश्र जंतू किंवा स्टॅफिलोकोकसही कारण असू शकतात, म्हणून हा व्यापक पट. क्लिंडामायसिन एकटे कधीच देऊ नये, कारण काही स्ट्रेप्टोकोकस त्याला दाद देत नाहीत. तसे दिसले तर रायबोसोमवरच, पण वेगळ्या रीतीने बसणारे लिनेझोलिड वापरता येते.

सहाव्या तासाला पोटरी उघडली. स्नायूंवरचे आवरण चमकदार पांढरे असायला हवे ते राखाडी आणि मऊ होते. बोट आत घातले की ते थर कसल्याही अडथळ्याशिवाय सुटत होते, रक्तस्राव जवळजवळ नव्हता आणि पू नव्हता. भांडी धुतलेल्या पाण्यासारखा गढूळ द्रव तेवढा होता. पू नसणे ही चांगली खूण वाटू शकते, पण येथे तिचा अर्थ वेगळा आहे. पू म्हणजे पांढऱ्या पेशींची गर्दी, आणि त्या तर छिद्रे पडून जागीच मेल्या होत्या. त्या द्रवाच्या ग्रॅम रंजनात साखळीतले ग्रॅम-धन गोल जंतू दिसले, पांढऱ्या पेशी तुरळक. रक्त येणाऱ्या निरोगी कडेपर्यंत सगळे कापून काढले आणि जखम उघडी ठेवली.

पुढचा निर्णय इम्युनोग्लोब्युलिनचा. अनेक रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांच्या या मिश्रणात सुपरअँटिजेनला बांधणारी प्रतिपिंडेही असतात. बाहेर पडून गेलेले विष निकामी करण्याचा हा एकच मार्ग होता. पुरावा मात्र दुभंगलेला आहे. स्ट्रेप्टोकोकसच्या विषारी शॉकमधली निरीक्षणे त्याच्या बाजूने झुकतात, पण सर्व प्रकारच्या खोल ऊतिनाशांना एकत्र घेऊन केलेल्या यादृच्छिक चाचणीत फायदा दिसला नाही. चमूने दोन शर्ती घालून ते दिले. ग्रॅम रंजनात स्ट्रेप्टोकोकसचा संशय पक्का झाल्यावरच, आणि साखर नसलेले उत्पादन वापरूनच, कारण सुक्रोज असलेल्या उत्पादनाने मूत्रपिंडाला आणखी इजा होते. पहिल्या दिवशी किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम, आणि पुढचे दोन दिवस ३५-३५ ग्रॅम. देण्यापूर्वी एक नळी रक्त बाजूला काढून ठेवले. नंतर कोणतीही प्रतिपिंड चाचणी केली तर दात्यांची प्रतिपिंडेच मोजली गेली असती.

पहिल्या बारा तासांत तिला एकूण सुमारे सात लिटर द्रव लागला. आकडा मोठा आहे, पण केशवाहिन्या गळत असताना आत घातलेले बरेचसे पाणी ऊतींत जाते. अल्ब्युमिन १.७ पर्यंत उतरले, चेहरा आणि हात सुजले. येथे सलाईनचा मारा वाढवत न बसता नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसोबत व्हासोप्रेसिन हे रक्तवाहिन्या आवळणारे दुसरे औषध जोडले. लघवी थांबल्याने दुसऱ्या दिवशी डायलिसिस सुरू करावे लागले.

अकराव्या तासाला रक्ताच्या दोन्ही कल्चरमध्ये साखळीतले जंतू वाढले आणि पुढच्या दिवशी ते अ गटाचे स्ट्रेप्टोकोकस असल्याचे पक्के झाले. लघवीत ई. कोलाय वाढला, मिलिलिटरला एक लाखाहून अधिक वसाहती, रक्तात त्याचा मागमूस नाही. मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिन बंद करून पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन ही जोडी ठेवली. पेनिसिलिनचा नेहमीचा डोस दर चार तासांनी ४० लाख युनिट, पण मूत्रपिंड बंद असताना तोच दिला तर झटके येऊ शकतात, म्हणून तो निम्मा केला.

ई. कोलायचे काय करायचे, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. निवासी डॉक्टरांनी विचारले, “सर, लघवीत एवढे वाढलेय, सोडून कसे द्यायचे?” उत्तर असे होते की तिला मूत्रमार्गाचे कोणतेही लक्षण नाही, तो जंतू रक्तात नाही आणि दीड दिवसाचे मेरोपेनेम त्याला मिळून गेले आहे. पुढे वेगळा उपचार केला नाही. पण त्याची उपस्थिती अगदीच निरुपद्रवी होती असेही म्हणता येत नाही. सशांवरील प्रयोगांत सुपरअँटिजेन आधी दिलेले असेल तर अंतर्विषाची मारकता हजारो पटींनी वाढते. ज्या थोड्या अंतर्विषाकडे शरीर एरवी दुर्लक्ष करते, त्यालाच ते प्राणघातक प्रतिसाद देते. असे काही या रुग्णात घडले का, हे खाटेशेजारी ठरवण्याची सोय नाही.

निष्पत्ती

दुसरी शस्त्रक्रिया अठरा तासांनी ठरवूनच केली. त्यात मांडीच्या दिशेने आणखी पाच सेंटिमीटर आवरण काढावे लागले. तिसऱ्या वेळी, तिसऱ्या दिवशी, सगळ्या कडा निरोगी सापडल्या. लॅक्टेट चोवीस तासांत ३ च्या खाली आले. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चौथ्या दिवशी सुटले. क्लिंडामायसिन सहाव्या दिवशी थांबवले, कारण रक्तदाब औषधांशिवाय टिकून होता, जखम स्वच्छ होती आणि जिथे विष तयार होत होते ती ऊतीच उरली नव्हती. पेनिसिलिन चौदा दिवस चालले.

डायलिसिस नऊ दिवस लागले. बाराव्या दिवशी तळहातांची आणि तळपायांची कातडी पापुद्र्यांनी सुटू लागली. सुपरअँटिजेनची ही उशिरा पटणारी ओळख आहे, फक्त ती पटते तेव्हा उपचाराची वेळ कधीच निघून गेलेली असते. कातडीचे रोपण करून चौतिसाव्या दिवशी ती चालत घरी गेली. क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावले. पोटरीतले बरेचसे स्नायू वाचले, पण पाऊल वर उचलण्याची ताकद पूर्ण परतली नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या वीस मिनिटांतला निर्णय औषधांच्या दृष्टीने बरोबर होता. चुकले ते तपासणी तिथेच थांबवण्यात. शॉक आहे आणि संसर्गाचे ठिकाण सापडले असे वाटते, तेव्हाही रुग्णाला उघडून डोक्यापासून पायापर्यंत पाहायला चार मिनिटे लागतात. पायाचे दुखणे नोंदवहीत होते, ‘मार लागल्याने’ असे लिहून. न फुटलेल्या कातडीखालचा मुका मार हा अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकससाठी पुरेसा असतो. इजा झालेल्या स्नायूच्या पृष्ठभागावर त्याला चिकटायला जागा मिळते आणि घशातून क्षणभर रक्तात आलेले जंतूही तिथे रुजू शकतात. बाहेर जखम दिसत नाही म्हणून संसर्ग नाही, हा तर्क येथे लागू पडत नाही. दीड दिवस घेतलेल्या आयबुप्रोफेनने वेदना आणि ताप दोन्ही दबले, त्यामुळे ती उशिरा आली असणे शक्य आहे.

आकड्यांतही उत्तर पहिल्या तासापासून होते. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या नेहमीसारखी, पण एक तृतीयांश अपक्व. संख्या पाहणाऱ्याला धीर आला, प्रमाण पाहणाऱ्याला आला नसता. क्रिएटिन कायनेज पहिल्याच रक्तासोबत पाठवले असते तर दोन-अडीच तास वाचले असते. ज्या शॉकमध्ये रुग्ण हातापायाच्या वेदनेची तक्रार करतो, त्या प्रत्येक शॉकमध्ये ही तपासणी पहिल्या नळीतच जायला हवी.

आणि क्लिंडामायसिनसाठी साडेचार तासांची वाट पाहण्याचे कारण नव्हते. ते देण्यासाठी निदान पक्के असावे लागत नाही, रास्त संशय पुरतो. एका डोसने होणारे नुकसान नगण्य, चुकलेल्या डोसाचे मोठे. एका जागी मात्र हा न्याय लावू नये: रक्ती जुलाब आणि शिगा विष सोडणारा ई. कोलाय असा संशय असेल तेव्हा. तिथे विषाचे जनुक जिवाणूच्या आतल्या विषाणूवर असते आणि काही प्रतिजैविके त्या विषाणूला जागे करून विषाचे उत्पादन वाढवतात. त्या रुग्णांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढू नये म्हणून प्रतिजैविक टाळले जाते. या रुग्णाचे जुलाब पाण्यासारखे होते आणि रक्त नव्हते, हे नोंदवलेले होते.

राहिला घरच्यांचा प्रश्न. तिच्यासोबत राहणाऱ्या दोघांना ताप, घसादुखी किंवा अचानक वाढणारे अंगदुखणे आले तर त्याच दिवशी दाखवा, असे लेखी सांगायला चौथा दिवस उजाडला. अ गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचे निदान पक्के झाले त्याच दिवशी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, तो कागद त्यांच्या हातात पडायला हवा होता.